उपकाराची साक्ष

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो सर्व विश्वांचा पालनकर्ता आहे, आणि दरूद व सलाम असो त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर व सहकाऱ्यांवर.

आदरणीय वाचकहो, आपल्या मराठी बोलीत मैत्रीविषयी एक समजूत खोल रुजलेली आहे. मित्राचे आभार मानायचे नसतात, मानले तर तो परका होतो. गिरगावच्या चाळीत वाढलेला असो की लालबाग-परळच्या, संकटात पाठीशी उभ्या राहिलेल्या मित्राला कोणी दोन शब्द बोलू लागला की तो मध्येच तोडून म्हणतो, "आता आभार मानून मला परका करतोस काय?" मग बोलणारा ओशाळतो, विषय बदलतो आणि सांगायचे होते ते मनातच राहते. वर्षे लोटतात. कधी मित्र घर बदलून विरार किंवा पनवेलला जातो, कधी या जगातूनच जातो, आणि न बोललेले तसेच राहून जाते.

या समजुतीत एक सत्य आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. पवित्र कुरआनच्या 'अद्-दहर' या अध्यायात सज्जनांचे वर्णन आले आहे. ते गरीब, अनाथ व कैदी यांना जेवू घालतात आणि आपल्याला त्यांच्याकडून ना मोबदला हवा ना आभार, अशी भावना ठेवतात. म्हणजे देणाऱ्याने आभाराची अपेक्षा धरू नये, ही शिकवण इस्लामचीच आहे. 'अल्-बकरा' या अध्यायात तर केलेले उपकार बोलून दाखविल्याने दान वाया जाते, असा स्पष्ट इशारा आहे. परंतु नीट पाहिले तर ध्यानात येईल की ही आज्ञा देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यासाठी वेगळी आज्ञा आहे. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. दोन हातांना दोन कर्तव्ये दिली आहेत. "आभार नकोत" हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी शोभते. घेणाऱ्याने ते त्याच्या वतीने परस्पर म्हणून मोकळे होऊ नये.

शुक्र आणि कुफ्र

उपकार पैशाचा असेल तर मार्ग सोपा असतो. रक्कम ठाऊक असते, ती परत करता येते. परंतु एखादा मित्र आपल्या वाईट दिवसांत नुसता सोबत राहिला, ऐकत राहिला, आपल्या शेजारी गप्प बसला, तर त्याची मोजणी कशी करावी? येथे माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर तो काहीच बोलत नाही, किंवा बोलतो तेव्हा इतके मोठे शब्द वापरतो की त्यात मित्राने खरोखर काय केले तेच हरवून जाते.

अरबी भाषेतील दोन शब्द येथे वाट दाखवितात. 'कुफ्र' या शब्दाचा मूळ अर्थ झाकणे असा आहे. बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यालाही अरबीत याच धातूपासून शब्द आहे. 'शुक्र' म्हणजे त्याच्या उलट, मिळालेले उघड करणे. ज्या जनावराला घातलेला चारा त्याच्या अंगावर दिसतो, त्याला अरब लोक 'शकूर' म्हणत. अबू दाऊदच्या संग्रहातील आदरणीय जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये हाच अर्थ आचरणात उतरविला आहे. ज्याला काही देण्यात आले त्याने शक्य असेल तर परतफेड करावी. नसेल तर देणाऱ्याविषयी चांगले बोलावे. ज्याने असे बोलून दाखविले त्याने आभार मानले आणि ज्याने ते लपविले त्याने कृतघ्नता केली, असा तिचा आशय आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. आभार ही साक्ष आहे. साक्षीदाराने दोन गोष्टी टाळायच्या असतात. पाहिलेले लपवायचे नाही आणि न पाहिलेले जोडायचे नाही. मित्राने केलेले झाकून ठेवणे ही लपविलेली साक्ष झाली, तर त्याने न केलेले त्याच्या नावावर चढविणे ही वाढविलेली साक्ष झाली. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे जे घडले ते, जेवढे घडले तेवढे, नेमके सांगणे.

आदरणीय कअब (रजि.) यांना काय आठवले?

या वाटेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या एका दीर्घ वृत्तांतात सापडते. हिजरी सन 9, म्हणजे इ.स. 630 मध्ये, तबूकच्या मोहिमेच्या वेळी कडक उन्हाळा होता आणि मदीनेत फळे पिकलेली होती. आदरणीय कअब बिन मालिक (रजि.) यांच्याकडे सवारी होती, प्रकृती ठीक होती. तरी आज निघू, उद्या निघू असे करता करता ते मागे राहिले. प्रेषित (स.) परतल्यावर मागे राहिलेल्या इतर अनेकांनी सबबी सांगितल्या. कअब (रजि.) यांनी सबब सांगितली नाही; आपल्याकडे कोणतेही कारण नव्हते, हे खरे तेच सांगितले. त्यांच्या व आणखी दोघांच्या बाबतीत अल्लाहचा निर्णय येईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलू नये, असा आदेश झाला.

पन्नास रात्री हे चालले. कअब (रजि.) बाजारात फिरत, मशिदीत येत, पण कोणी बोलत नसे. एकदा ते आपले चुलतभाऊ अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. कअब यांना ते सर्वांत प्रिय होते. सलाम केला, त्यांनी उत्तर दिले नाही. अल्लाहची शपथ घालून पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा अल्लाह आणि त्याचे प्रेषित जाणतात, एवढेच ते म्हणाले. कअब यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले आणि ते भिंत ओलांडून परतले. अबू कतादा यांचे मन कठोर नव्हते, ते आदेशाने बांधलेले होते. तरीही ज्याच्यावर गुदरते त्याला एकटेपणा एकटेपणासारखाच लागतो.

पन्नासाव्या रात्रीनंतर, फजरची नमाज घराच्या छतावर अदा करून कअब (रजि.) बसले असताना सल्अ नावाच्या टेकडीवरून कोणीतरी मोठ्याने ओरडून शुभवार्ता दिली. त्यांची तौबा कबूल झाली होती. एक जण घोडा दौडवीत निघाला होता, परंतु टेकडीवरच्या माणसाचा आवाज घोड्याआधी पोहोचला. कअब यांनी आपल्या अंगावरची दोन वस्त्रे त्या आवाज देणाऱ्याला दिली, आणि दुसरी जवळ नसल्यामुळे उसनी मागून घातली. मग ते मशिदीकडे निघाले. वाटेत लोक थव्याथव्याने भेटून अभिनंदन करीत होते.

मशिदीत प्रेषित (स.) बसलेले होते, भोवती लोक होते. कअब (रजि.) आत आले तेव्हा आदरणीय तलहा बिन उबैदुल्लाह (रजि.) उठले, लगबगीने पुढे आले, त्यांनी हस्तांदोलन केले आणि अभिनंदन केले. एवढेच. मुहाजिरांपैकी त्यांच्याशिवाय दुसरे कोणी उठले नाही, असे कअब सांगतात. आणि तलहांची ती गोष्ट आपण विसरणार नाही, असेही म्हणतात.

हे कोणी आणि केव्हा सांगितले, हेही पाहण्यासारखे आहे. वृद्धापकाळी कअब (रजि.) यांची दृष्टी गेली. तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना नेणारे त्यांचे पुत्र अब्दुल्लाह यांनी हा वृत्तांत आपल्या पित्याकडून ऐकून पुढे पोहोचविला. त्या पन्नास दिवसांत किती गोष्टी घडल्या होत्या! तरी त्या साऱ्यांत एक माणूस जागेवरून उठला, चार पावले पुढे आला आणि त्याने हात हातात घेतला, हा तपशील कअब यांनी सोडला नाही. त्यांनी तलहांना आपला तारणहार म्हटले नाही. तौबा अल्लाहने कबूल केली होती, तलहांनी नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तलहांनी जे केले तेच त्यांनी सांगितले. उठणे, लगबगीने येणे, हात मिळविणे, अभिनंदन. चार क्रियापदांत पूर्ण झालेली ही साक्ष आहे.

शुभवार्ता देणाऱ्याला त्यांनी वस्त्रे दिली. ती परतफेड करता येण्याजोगी होती. तलहांच्या उठण्याची परतफेड वस्त्राने होणारी नव्हती. तेथे त्यांनी स्मरण दिले.

दुसरे उदाहरण याहूनही लहान आहे. माता आयेशा (रजि.) यांच्यावर जेव्हा खोटा आळ घेण्यात आला, तेव्हा त्या माहेरी राहून अखंड रडत होत्या. आईवडील शेजारी बसलेले असताना एक अन्सारी स्त्री दाराशी आली, तिने आत येण्याची परवानगी मागितली, आत येऊन बसली आणि त्यांच्यासोबत रडू लागली. तिने काही उपाय सांगितला, काही समजूत घातली, असे त्या वृत्तांतात नाही. तिचे नावही त्यात आलेले नाही. परंतु माता आयेशा (रजि.) यांनी एवढ्या मोठ्या प्रसंगाची हकीगत सांगताना तिला वगळले नाही. म्हणून आज चौदा शतकांनंतर आपल्याला ठाऊक आहे की त्या दिवशी त्या एकट्याच रडत नव्हत्या.

एका पत्राची गोष्ट

आता आपल्या गल्लीत येऊ. परळ भागात मोठी रुग्णालये असल्यामुळे कोकणातून, घाटावरून, दूरदूरच्या राज्यांतून रुग्ण येथे येतात. त्यांच्याबरोबर आलेले नातलग महिनोन् महिने या रस्त्यांवर दिवस काढतात. ज्यांचे घर येथेच आहे त्यांनाही हे दिवस सोपे नसतात. असाच एक तरुण काही काळापूर्वी इशाच्या नमाजनंतर माझ्याकडे थांबला. त्याच्या आईवर कर्करोगाचे उपचार झाले होते. शेक देण्याचा भाग सहा आठवडे चालला, आठवड्याचे पाच दिवस. आता आई गावी होती आणि दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी येत होती. त्या काळात सोबत राहिलेल्या लालबागच्या एका मित्राला त्याला पत्र लिहायचे होते. तो मित्र हिंदू होता, शाळेपासूनचा. "मौलाना, तुम्ही मराठी शिकलेले आहात, जरा बघा," असे म्हणून त्याने कागद पुढे केला.

पत्रात लिहिले होते की तू नसतास तर मी जगलोच नसतो. तू माणूस नाहीस, फरिश्ता आहेस. सगळ्या नातेवाइकांनी पाठ फिरवली, फक्त तू उभा राहिलास. तुझे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत.

सात जन्मांचा हिशेब आपल्याकडे नाही, हे त्याच्याही ध्यानात आले आणि तो हसला. मी त्याला विचारले, "तुझ्या मनात खरोखर जीव देण्याचा विचार आला होता काय?" असा विचार आला असेल तर तो लपवून ठेवू नये; विश्वासू माणसाला व डॉक्टरला सांगावा, आणि मित्राने त्यातून बाहेर काढले असेल तर पत्रात तेही शांतपणे लिहावे. तो म्हणाला, "नाही. थकलो होतो, घाबरलो होतो, पण तसे नाही." मग ते वाक्य साक्ष ठरत नव्हते. शिवाय अशा वाक्याचे ओझे मित्रावर पडते. उद्या त्याला यायला जमले नाही, तर एखाद्याचा जीव आपल्यावर टांगलेला आहे, या विचाराने तो दबून जाईल.

मी पुढचा प्रश्न विचारला, "त्याने केले काय? कोणत्या दिवशी, कोठे?" तरुण बराच वेळ गप्प राहिला. मग एकेक गोष्ट निघू लागली. मित्र दादरच्या एका दुकानात कामाला होता. सुटल्यावर आठच्या सुमारास तो रुग्णालयाच्या फाटकाशी यायचा. दोघे कटिंग चहा घ्यायचे. रिपोर्ट काय आला, हे तो कधी विचारत नसे. दिवसभर नातेवाइकांच्या फोनवर तेच तेच सांगून तरुणाचे तोंड आंबलेले असे. या अर्ध्या तासात ते सांगावे लागत नसे. एकदा डॉक्टरांनी उपचार बदलावे लागतील असे सांगितले, त्या रात्री त्याला बोलवेना. दोघे आंबेडकर रस्त्याने हिंदमातावरून दादर टी.टी.पर्यंत चालत गेले आणि परत आले. मित्र शब्दही बोलला नाही. फाटकाशी आल्यावर एवढेच म्हणाला, "मला काय बोलायचं ते कळत नाही. पण उद्या येतो." आणि तो दुसऱ्या दिवशी आला. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागचे रस्ते माणसांनी तुडुंब भरलेले असतात. मित्राकडे मंडळाचे काम होते. तरी तो त्या गर्दीतून वाट काढून रोज आला. फक्त आठऐवजी रात्री अकराला.

मी म्हटले, "हेच लिही." त्याने लिहिलेले पत्र त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे काही न ठेवता, येथे देत आहे.

"मित्रा, आईचे उपचार चालू होते तेव्हा तू रोज फाटकाशी यायचास. तू रिपोर्टबद्दल एकदाही विचारले नाहीस. तुला वाटले असेल की आपण विचारायला हवे होते. तसे नाही. दिवसात तेवढाच अर्धा तास मला आजाराबद्दल बोलावे लागत नव्हते आणि मी त्याची वाट बघायचो. ज्या रात्री आपण दादरपर्यंत चाललो, त्या रात्री तू काही बोलला असतास तर मला रडू आले असते आणि मला रस्त्यात रडायचे नव्हते. तू 'उद्या येतो' म्हणालास आणि आलास. त्यानंतर मला दुसऱ्या दिवसाची भीती थोडी कमी वाटू लागली. गणपतीत तू थकून यायचास ते मला दिसत होते. तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. आई गावी बरी आहे. तुझ्यासाठी मी नमाजनंतर दुआ करतो. अल्लाह तुला या सगळ्याचे उत्तम फळ देवो."

यातील प्रत्येक वाक्यात एक तर मित्राने काय केले ते आहे, किंवा त्याने आपल्यावर काय परिणाम झाला ते आहे. 'फार', 'खूप', 'कधीच', 'कोणीच' हे शब्द गेले. शेवटच्या वाक्यात 'जझाकल्लाहु खैरन' याचाच मराठी अर्थ आहे. ज्याने उपकारकर्त्याला हे म्हटले त्याने पुरेपूर स्तुती केली, अशा आशयाची हदीस आदरणीय उसामा बिन जैद (रजि.) यांच्याकडून तिर्मिजींनी नोंदविली आहे.

पुढे तो तरुण भेटला तेव्हा म्हणाला, "पत्र वाचून त्याने घडी घालून खिशात ठेवले. दादरपर्यंत चाललो होतो हे त्याला आठवतही नव्हते. रिपोर्ट विचारत नाही म्हणून आपण निष्काळजी ठरतो की काय, असे मात्र त्याला तेव्हा वाटत होते, हे त्याने मला पहिल्यांदा सांगितले."

वाचकहो, नेमके सांगण्याची खरी गरज येथे दिसते. सोबत राहणाऱ्याला आपल्या कोणत्या कृतीने आधार झाला, हे बहुधा ठाऊकच नसते. जे आपण चुकलो असे त्याला वाटते, कधी तेच उपयोगी पडलेले असते. "तुझे फार उपकार झाले" या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. "तू विचारले नाहीस, म्हणून बरे वाटले" यातून कळते. आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर तो काय करावे हे जाणून तेथे जाऊ शकतो.

साक्षीच्या मर्यादा

पत्र लिहिताना आम्ही तीन गोष्टी मुद्दाम वगळल्या. त्यांची कारणे सांगणे उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट म्हणजे अवास्तव स्तुती. प्रेषितांसमोर एका माणसाने दुसऱ्याची तोंडावर भरमसाट प्रशंसा केली, तेव्हा त्यांनी त्यास बजावले की अशाने आपल्याच सोबत्याची मान कापली जाते. प्रशंसा करायचीच असेल तर आपल्याला जे खरोखर ठाऊक आहे तेवढेच सांगावे आणि माणसाच्या अंतरंगाचा निवाडा अल्लाहवर सोपवावा, असा त्या शिकवणीचा आशय आहे. फरिश्ता म्हटलेल्या माणसाला पुढे थकण्याची, चुकण्याची, एखाद्या दिवशी न येण्याची मुभा उरत नाही. माणूस असूनही तो आला, हेच तर त्याचे मोल आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे इतरांविषयीची तक्रार. नातेवाइकांनी पाठ फिरवली, हे वाक्य आम्ही काढले. मुहाजिरांपैकी इतर कोणी उठले नाही, हे कअब (रजि.) यांनीही सांगितले आहे, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच वृत्तांतात लोक थव्याथव्याने भेटून अभिनंदन करीत होते, हेही त्यांनीच सांगितले आहे, आणि न उठलेल्यांपैकी एकाचेही नाव घेतलेले नाही. आभाराच्या पत्रात नातेवाइकांचा पाढा वाचला की मित्राचे नाव दुसऱ्यांच्या निंदेला जोडले जाते, आणि ती गीबत त्याच्या हाती आपण देतो. वाचणाऱ्यालाही कळत नाही की हे पत्र त्याच्यासाठी आहे की नातेवाइकांसाठी.

तिसरी गोष्ट म्हणजे जाहीर वाच्यता. त्या तरुणाला हे पत्र शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे होते. उपकार उघड करावा हे खरे, पण आजार आईचा होता, आणि तो चारचौघांत सांगावा की नाही हे ठरविण्याचा हक्कही तिचाच होता. त्या अर्ध्या तासांत मित्रानेही आपल्या घरच्या काही गोष्टी बोलून दाखविल्या होत्या. एखादा माणूस बोलता बोलता आजूबाजूला पाहून घेतो, तर त्याचे ते बोलणे अमानत असते, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणून आधी मित्राच्या हाती पत्र द्यावे. चारचौघांत सांगायचे असेल तर त्याला विचारून सांगावे. आणि तेथे आजाराचा तपशील न देता, माझ्या कठीण काळात हा रोज आला, एवढे पुरते.

मित्र आपल्या धर्माचा नसेल तर?

हा प्रश्न त्या तरुणाने विचारला नाही, परंतु इतर काही जण विचारतात. त्याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) जीवनातच आहे. ताइफहून जखमी होऊन परतताना त्यांना मक्केत प्रवेश करणेही धोक्याचे होते. तेव्हा मुत्इम बिन अदी याने त्यांना आपले संरक्षण दिले आणि आपल्या मुलांना हत्यारे बांधून उभे केले. मुत्इमने इस्लाम स्वीकारला नव्हता, आणि बद्रच्या युद्धापूर्वी त्याचे निधन झाले. हिजरी सन 2 मध्ये बद्रचे कैदी समोर असताना प्रेषित (स.) म्हणाले की आज मुत्इम जिवंत असता आणि त्याने या लोकांसाठी शब्द टाकला असता, तर आपण त्याच्याखातर यांना सोडून दिले असते. ही नोंद सहीह बुखारीत आहे. ज्याने कठीण दिवशी आधार दिला तो मरण पावला होता, त्याचा धर्म वेगळा होता आणि समोर होते ते युद्धातील शत्रू. तरीही त्याचे नाव घेऊन, त्याच्या शब्दाला किती मोल दिले असते हे सर्वांसमोर सांगण्यात आले. यानंतर लालबागच्या मित्राला पत्र लिहावे की नाही, अशी शंका उरू नये. त्याच्या आरोग्यासाठी, रोजीसाठी, मुलाबाळांच्या सुखासाठी दुआ करावी, आणि तशी आपण करतो हे त्याला सांगावेही.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, 'उतराई'. उपकारातून उतराई होणे, म्हणजे डोक्यावरचे ओझे उतरविणे. परंतु मैत्रीचे देणे असे एका पत्राने उतरत नाही, आणि पत्राचा हेतूही तो नव्हे. ज्याची परतफेड करता येत नाही त्याच्यासाठी, परतफेड झाली असे आपल्याला वाटेपर्यंत दुआ करीत राहावे, अशीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पत्र एकदा लिहिले जाते, दुआ रोज केली जाते. आणि त्या मित्राच्या घरी वाईट दिवस येतील तेव्हा, त्याने न सांगता, आठ वाजता त्याच्या दाराशी जाऊन उभे राहणे, हेही त्याच शुक्राचे अंग आहे.

हे अल्लाह, आमच्या कठीण दिवसांत जे आमच्याजवळ बसले, आमच्यासोबत चालले, त्यांना तू उत्तम मोबदला दे. त्यांनी केलेले आमच्याकडून झाकले जाऊ देऊ नकोस, आणि ते सांगताना आमच्या जिभेला सत्याची मर्यादा ओलांडू देऊ नकोस. जे आम्हांला सोडून गेले आणि ज्यांना आम्ही सांगू शकलो नाही, त्यांचे स्मरण आमच्या घरांत जिवंत ठेव. आमीन.